कोऱ्या जागांची धोरणे

शेअर बाजारात नोंदलेल्या कोणत्याही कंपनीच्या संकेतस्थळावर ‘गुंतवणूकदार’ नावाचा एक कोपरा असतो. तिथे धोरणांची लांबलचक यादी मिळते आणि त्या यादीत दोन पीडीएफ हमखास असतात. एक ‘मटेरियल सब्सिडिअरी’ ठरवण्याचे, म्हणजे महत्त्वाची उपकंपनी कोणती हे सांगणारे धोरण, आणि दुसरे कंपनीवर ताबा असलेले प्रवर्तक, त्यांचे नातलग, त्यांच्या इतर कंपन्या अशा संबंधित पक्षांशी होणाऱ्या व्यवहारांचे, म्हणजे ‘रिलेटेड पार्टी’ धोरण. तीन-चार कंपन्यांची ही धोरणे शेजारी ठेवून वाचली तर लेटरहेड बदललेले दिसते, मजकूर जवळजवळ तोच असतो. उद्दिष्ट, व्याख्या, मर्यादा, मंजुरीची पद्धत, प्रकटन, फेरआढावा. व्याख्या बाजार नियामक सेबीच्या नियमांतून जशाच्या तशा उचललेल्या असतात आणि शेवटी एक कलम असते: धोरण आणि कायदा यांत तफावत आढळल्यास कायदा ग्राह्य धरावा.

मग प्रश्न असा पडतो की कायदाच ग्राह्य धरायचा असेल तर धोरण कशाला? सेबीने नियमांची प्रत संकेतस्थळावर लावा एवढेच सांगितले असते तरी चालले असते. तसे सांगितले नाही, याला कारण आहे. २०१५ च्या सूचिबद्धता नियमावलीत, जिला सगळे एलओडीआर म्हणतात, काही जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. कायदा किमान पातळी आखतो आणि तुमच्या धंद्याला, तुमच्या गटाच्या रचनेला काय लागू पडेल ते संचालक मंडळाने ठरवावे, अशी अपेक्षा धरतो. नियम २३ म्हणतो की धोरणात स्पष्ट मर्यादा असाव्यात, त्या मंडळाने मंजूर कराव्यात आणि निदान तीन वर्षांतून एकदा तपासाव्यात. नियम १६ महत्त्वाच्या उपकंपनीची व्याख्या देतो आणि तरीही ती ठरवण्यासाठी वेगळे धोरण मागतो. बहुतेक कंपन्या या मोकळ्या जागा तशाच सोडतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे. ही धोरणे कायद्याची नक्कल असतात तोवर कायद्याचे पालन होते, पण अल्पमतातल्या भागधारकाला त्यांतून काही मिळत नाही. त्याची मिळकत राखली जाते किंवा लुटली जाते ती त्या कोऱ्या जागांमध्येच.

आधी उपकंपनीचे धोरण घेऊ, कारण त्याकडे कोणी फारसे बघत नाही.

कसोटी सोपी आहे. एखाद्या उपकंपनीची उलाढाल किंवा नेटवर्थ, म्हणजे देणी वजा जाता उरणारी पुस्तकी मालमत्ता, मागच्या आर्थिक वर्षात गटाच्या एकत्रित उलाढालीच्या किंवा नेटवर्थच्या दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ती महत्त्वाची. आधी हा आकडा वीस टक्के होता. सेबीने नेमलेल्या कोटक समितीच्या शिफारशींनंतर १ एप्रिल २०१९ पासून तो दहावर आला. एकदा ती महत्त्वाची ठरली की काही बंधने लागतात. तिच्यातला हिस्सा पन्नास टक्क्यांवर किंवा त्याखाली आणायचा असेल, किंवा एका वर्षात तिच्या वीस टक्क्यांहून अधिक मालमत्ता विकायची वा भाड्याने द्यायची असेल, तर मूळ कंपनीच्या भागधारकांचा विशेष ठराव लागतो. भारतातली असूचिबद्ध महत्त्वाची उपकंपनी असेल तर तिचे सचिवीय लेखापरीक्षण, म्हणजे कायदेपालनाची तपासणी, करावी लागते. मूळ कंपनीचा एक स्वतंत्र संचालक तिच्या मंडळावर बसवण्याची अटही आहे, मात्र तेवढ्यापुरती मर्यादा अजून वीस टक्केच ठेवली आहे.

आता एक कल्पित कंपनी घेऊन हे कुठे निसटते ते पाहू. समजा, चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक सूचिबद्ध कंपनी आहे. गटाची एकत्रित उलाढाल ४,००० कोटी रुपये आणि नेटवर्थ १,८०० कोटी. म्हणजे कसोटीचे दोन आकडे झाले: उलाढालीसाठी ४०० कोटी, नेटवर्थसाठी १८० कोटी. होसूरला तिची एक उपकंपनी आहे, तिची उलाढाल ४५० कोटी. ती सव्वाअकरा टक्के भरते, म्हणून महत्त्वाची. स्वतंत्र संचालक बसवायची गरज नाही, कारण वीस टक्के भरत नाहीत. इथवर ठीक.

दुसरी उपकंपनी ठाण्याला आहे आणि ती शंभर टक्के या गटाचीच आहे. कधीकाळी तिथे कारखाना होता, आता शेड भाड्याने दिल्या आहेत. वर्षाचे भाडे ६ कोटी. जमीन पन्नासेक वर्षांपूर्वी घेतलेली, पुस्तकात ती खरेदीच्या किमतीला उभी आहे. त्यामुळे उपकंपनीचे नेटवर्थ ४५ कोटी भरते, म्हणजे गटाच्या अडीच टक्के. आज बाजारात त्या जमिनीची किंमत, समजा, ९०० कोटी आहे. गटाच्या एकूण पुस्तकी नेटवर्थच्या निम्मी किंमत जिच्यात अडकली आहे, ती उपकंपनी कसोटीप्रमाणे महत्त्वाची नाही. उलाढालीने नाही, नेटवर्थनेही नाही.

उद्या या उपकंपनीने ती जमीन प्रवर्तक कुटुंबाच्या एका खासगी कंपनीला ३०० कोटींना विकायचे ठरवले तर काय होईल? उपकंपनी महत्त्वाची नाही, म्हणून वीस टक्के मालमत्तेचा नियम लागत नाही. व्यवहार संबंधित पक्षाशी आहे, पण भागधारकांकडे जाण्याची मर्यादा एकत्रित उलाढालीच्या दहा टक्के, म्हणजे ४०० कोटी. व्यवहार ३०० कोटींचा, त्यामुळे तीही ओलांडली जात नाही. संबंधित पक्षांच्या व्यवहारांवरचे कंपनी कायद्याचे कलम १८८ आडवे येईल, पण विकणारी कंपनी पूर्ण मालकीची उपकंपनी आहे आणि अशा वेळी तिच्या मूळ कंपनीने केलेला ठराव पुरेसा मानला जातो. उरते ती मूळ कंपनीची ऑडिट कमिटी. तिच्याकडे हा व्यवहार न्यावाच लागतो, कारण उपकंपनीच्या स्वतःच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपेक्षा तो कितीतरी मोठा आहे. कमिटीतले तीन-चार स्वतंत्र संचालक काय विचारतात, कोणाचा मूल्यांकन अहवाल मागतात, यावर सगळे अवलंबून. शेअर बाजाराला कळवावे लागेल हे खरे. पण कळवणे वेगळे आणि विचारणे वेगळे.

या गणितातली मेख अशी की दोन्ही कसोट्या पुस्तकी आकडे आणि करारात लिहिलेली किंमत मोजतात. वस्तूची खरी किंमत त्या मोजतच नाहीत. जेवढ्या स्वस्तात विकाल तेवढा व्यवहार मर्यादेच्या आत राहतो. म्हणजे ज्या सौद्यावर सर्वांत जास्त लक्ष हवे, तोच सौदा कसोटीला सर्वांत लहान दिसतो.

ही गोष्ट मंडळाला माहीत नसते असेही नाही. भाड्यासाठी ठेवलेली जमीन आणि इमारत ‘इंड एएस ४०’ या लेखा मानकानुसार पुस्तकात खर्चाच्या किमतीला दाखवावी लागते आणि टीपेत तिचे वाजवी मूल्य लिहावे लागते. वार्षिक अहवालात गुंतवणूक मालमत्तेची टीप काढून बघा. पुस्तकी किंमत आणि वाजवी मूल्य यांत वीसपटीची दरी दिसली, तर तुम्हाला ठाण्यासारखी उपकंपनी सापडली. त्या टीपेतला आकडा धोरणात आणायला कोणता कायदा आडवा येतो? कोणताही नाही. ‘ज्या उपकंपनीच्या मालमत्तेचे वाजवी मूल्य गटाच्या नेटवर्थच्या दहा टक्क्यांहून अधिक आहे, ती या धोरणापुरती महत्त्वाची मानली जाईल’ असे एक वाक्य लिहिले की झाले. तोट्यातल्या उपकंपनीचेही असेच. तिचे नेटवर्थ उणे असते, उलाढाल नगण्य असते, पण मूळ कंपनीने तिच्या कर्जाला शेकडो कोटींची हमी दिलेली असते. बुडाली तर तीच घर बुडवणार, आणि धोरणाच्या लेखी ती बिनमहत्त्वाची. हमीची रक्कम तिसरी कसोटी म्हणून घातली तर हे भोक बुजते.

एक आडकथा इथे सांगितली पाहिजे. महत्त्वाच्या उपकंपनीसाठी जो विशेष ठराव लागतो, त्यात प्रवर्तकांना मत देता येते. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मते लागतात. ज्या कंपनीत प्रवर्तकांकडे पंचाहत्तर टक्के शेअर आहेत, तिथे उरलेले पंचवीस टक्के एकदिलाने विरोधात गेले तरी ठराव मंजूर होतो. म्हणजे अशा कंपनीत हे संरक्षण कागदावरचे. संबंधित पक्षाच्या मोठ्या व्यवहाराला मात्र साधा ठराव लागतो आणि त्यात कोणत्याही संबंधित पक्षाला बाजूने मत देता येत नाही, त्याचा त्या विशिष्ट व्यवहाराशी संबंध असो वा नसो. तिथे पंचवीस टक्क्यांच्या हातात खरी किल्ली असते. विशेष ठराव दुबळा आणि साधा ठराव बळकट, असा हा उलटा प्रकार आहे. म्हणून प्रवर्तकाची सगळी धडपड असते ती व्यवहार दुसऱ्या धोरणाच्या मर्यादेखाली ठेवण्याची.

आणि त्या मर्यादेचे मोजमाप कसे करायचे, ही दुसऱ्या धोरणातली सर्वांत मोठी कोरी जागा. ती किती महाग पडू शकते हे लिंडे इंडियाच्या प्रकरणात दिसले.

लिंडे इंडिया ही औद्योगिक वायू बनवणारी कोलकात्याची जुनी कंपनी, पूर्वीची बीओसी इंडिया. प्रवर्तकांचा हिस्सा पंचाहत्तर टक्के. २०१८ मध्ये जागतिक पातळीवर लिंडे आणि प्रॅक्सेअर एकत्र आल्या. त्यामुळे भारतात एकाच मालकाच्या छताखाली दोन कंपन्या आल्या: सूचिबद्ध लिंडे इंडिया आणि असूचिबद्ध प्रॅक्सेअर इंडिया. दोघींचा धंदा एकच. २०२० मध्ये त्यांनी एक संयुक्त कंपनी काढली आणि करारात कोणत्या भागात कोणी धंदा करायचा, याची वाटणीही ठरवली. दोघींमध्ये खरेदी-विक्रीही चालू होती. २०२१ च्या वार्षिक सभेत कंपनीने या व्यवहारांसाठी भागधारकांची मंजुरी मागितली. प्रवर्तकांना मत देता येत नव्हते. बाकीच्यांनी ठराव नाकारला.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. कंपनीने कायदेशीर सल्ला घेतला आणि भूमिका घेतली की प्रत्येक करार स्वतंत्र मोजायचा. वेगवेगळ्या वस्तूंचे, वेगवेगळ्या कामांचे करार एकत्र बेरजेला घ्यायचे कारण नाही. एकेकटा करार दहा टक्क्यांखाली असेल तर भागधारकांकडे जायची गरज नाही. व्यवहार चालू राहिले. तक्रारी सेबीकडे गेल्या. सेबीने एप्रिल २०२४ मध्ये अंतरिम आणि जुलै २०२४ मध्ये त्याला दुजोरा देणारा आदेश काढला. नियमात ‘एकेकटा किंवा त्या आर्थिक वर्षातल्या आधीच्या व्यवहारांसह मिळून’ असे शब्द आहेत, तेव्हा एका संबंधित पक्षाशी वर्षभरात झालेल्या सगळ्या व्यवहारांची बेरीज करूनच मर्यादा तपासायची, असे सेबीने सांगितले. शिवाय धंद्याच्या वाटणीत लिंडे इंडियाने काय गमावले आणि काय मिळवले, याचे मूल्यांकन करायला राष्ट्रीय शेअर बाजाराला मूल्यांकक नेमायला सांगितले. कंपनी अपिलात गेली.

अपिलाचे काय ते कायदेपंडितांनी पाहावे. मला त्यातला वेगळाच धागा महत्त्वाचा वाटतो. बेरीज कशी करायची हा काही वकिलांनी उकलायचा गूढ प्रश्न नव्हता. प्रत्येक ऑडिट कमिटीपुढे तो दर तिमाहीला येतो. त्याचे उत्तर धोरणात आधीच एका वाक्यात लिहिलेले असेल, तर ठराव पडल्यावर नवा सल्ला घेऊन मोजपट्टी बदलायला वाव उरत नाही. ‘या धोरणासाठी एका संबंधित पक्षाशी, त्याच्या नियंत्रणाखालील सर्व संस्थांसह, गटातील सर्व कंपन्यांनी केलेले व्यवहार एकत्र मोजले जातील’ हे वाक्य भागधारकाला पटले असते, प्रवर्तकाला जाचले असते. म्हणूनच ते सहसा दिसत नाही. आकडा समोर येण्यापूर्वी मोजपट्टी लिहून ठेवायची, इतके साधे काम धोरणाकडून अपेक्षित आहे.

बेरजेची दुसरी बाजू काळाची. नियमातला शब्द ‘आर्थिक वर्ष’ आहे. आपल्या चाकणच्या कंपनीने प्रवर्तकाच्या कंपनीकडून मार्चमध्ये ३९० कोटींची यंत्रे घेतली आणि एप्रिलमध्ये आणखी ३९० कोटींची, तर दोन्ही खरेद्या ४०० कोटींच्या आत राहतात. एकाच प्रकल्पाच्या दोन हप्त्यांना दोन वर्षे मिळाली. हे ओळखायचे कसे? सहामाही निकालांबरोबर संबंधित पक्षांच्या व्यवहारांचे प्रकटन येते. मार्च आणि त्यानंतरच्या सप्टेंबरची दोन पत्रके लागोपाठ ठेवली की वर्षाच्या सांध्यावर फुगलेला व्यवहार डोळ्यांत भरतो. धोरणात ‘मागील बारा महिने’ असा फिरता काळ घेतला तर हा खेळ बंद होतो.

याच धोरणात आणखी एक जागा आहे जी कायद्याने उघडपणे कंपनीवर सोपवली आहे. मंजूर झालेल्या व्यवहारात नंतर बदल केला तर तो मोठा बदल आहे की नाही, हे ऑडिट कमिटीने ठरवायचे आणि त्याची व्याख्या धोरणात लिहायची. इथे बहुतेक जण एक टक्केवारी लिहून मोकळे होतात: किमतीत अमुक टक्के फरक पडला तर मोठा बदल. पण सौद्याचे स्वरूप नेहमी किमतीत बदलते असे नाही. प्रवर्तकाच्या कंपनीला दिलेल्या १०० कोटींच्या कर्जाची रक्कम तीच राहिली, व्याजही तेच राहिले, फक्त परतफेड दोन वर्षांवरून सात वर्षांवर गेली आणि तारण सुटले. टक्केवारीच्या व्याख्येत हा बदलच नाही. मुदत, तारण, हमी, दंडाची अट आणि करार मोडण्याचा हक्क यांपैकी काहीही सैल झाले तर तो मोठा बदल, असे लिहायला दोन ओळी पुरतात.

रॉयल्टीचेही बघा. ब्रँडच्या वापरासाठी वा रॉयल्टीपोटी संबंधित पक्षाला दिलेली रक्कम एकत्रित उलाढालीच्या पाच टक्क्यांवर गेली तरच भागधारकांकडे जायचे. चाकणच्या कंपनीला ही मर्यादा २०० कोटी पडते. सुट्या भागांच्या धंद्यात करपश्चात नफा उलाढालीच्या सात-आठ टक्के मिळाला तरी बरा, म्हणजे तीनशे कोटींच्या आसपास. १९० कोटींची रॉयल्टी या नफ्याच्या निम्म्याहून जास्त असेल आणि तरी कोणाला विचारावे लागणार नाही. सेबीनेच २०२४ मध्ये रॉयल्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तपासलेल्या नोंदींपैकी दर चारांत एका वेळी संबंधित पक्षांना दिलेली रॉयल्टी निव्वळ नफ्याच्या वीस टक्क्यांहून जास्त होती. रॉयल्टीची कसोटी नफ्यावर लावण्यापासून धोरणाला कोणी रोखलेले नाही. आणि विचारले तर भागधारक विचार करून मत देतात हेही दिसले आहे. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने नेस्लेच्या परदेशी गटकंपनीला द्यायची रॉयल्टी विक्रीच्या साडेचार टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांवर न्यायचा ठराव मांडला. भागधारकांनी तो फेटाळला आणि जूनमध्ये मंडळाने साडेचार टक्केच चालू ठेवायचे ठरवले.

या सगळ्यावर कंपनी सेक्रेटरी मंडळींचे एक उत्तर तयार असते आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. ते म्हणतात, कायद्यापेक्षा कडक धोरण लिहिणे म्हणजे स्वतःच्या गळ्यात दोरी अडकवणे. कायद्याच्या मर्यादेत असलेला व्यवहारही मग धोरणभंग ठरतो. सेबी, शेअर बाजार, भागधारकांना मत कसे द्यावे हे सुचवणारे प्रॉक्सी सल्लागार आणि एखादा हौशी भागधारक, सगळे त्यावर बोट ठेवतात. शेजारच्या कंपनीने कायद्याची प्रत लावली म्हणून ती निर्धोक, आणि आम्ही प्रामाणिकपणे जास्त लिहिले म्हणून अडचणीत. शिवाय मोठ्या गटात रोजचे शेकडो व्यवहार असतात: पोलाद, वीज, वाहतूक, कार्यालयाचे भाडे. प्रत्येकाला टपाली मतदान घ्यायचे तर धंदा कधी करायचा?

दुसरा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे आणि सेबीने तो मानलाही आहे. एप्रिल २०२२ पासून मर्यादा अशी होती: १,००० कोटी किंवा एकत्रित उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी जे कमी ते. लाखभर कोटींची उलाढाल असलेल्या कंपनीला १,००० कोटी म्हणजे एक टक्का. अशा कंपन्यांत रोजच्या कच्च्या मालाची खरेदीही भागधारकांपुढे जाऊ लागली आणि मत देणाऱ्यांनी वाचणे सोडले. २०२५ मध्ये सेबीने उतरंड लावली. २०,००० कोटींपर्यंतच्या उलाढालीला दहा टक्के. त्यावर ४०,००० कोटींपर्यंत २,००० कोटी अधिक वरच्या भागाचे पाच टक्के. त्याहून मोठ्यांना ३,००० कोटी अधिक वरच्या भागाचे अडीच टक्के, पण काही झाले तरी ५,००० कोटींच्या वर नाही. माझ्या मते हा बदल योग्य आहे. मात्र त्याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ६०,००० कोटींच्या कंपनीत ही मर्यादा ३,५०० कोटी होते. काल १,००० कोटींच्या पुढचा जो व्यवहार भागधारकांकडे जात होता, तो आज ३,५०० कोटींपर्यंत ऑडिट कमिटीच्या टेबलावर संपतो. कायद्याने दार रुंद केले की आतला पहारा धोरणावर येतो. नेमक्या याच वेळी धोरणे जुन्या आकड्यांच्या जागी नवे आकडे टाकून पुन्हा मंजूर करून घेणे, याला फेरआढावा म्हणणे कठीण आहे.

पहिला मुद्दा, गळ्यातल्या दोरीचा, मला पटत नाही. कडक धोरण म्हणजे जास्त मतदान असा त्यात गृहीत धरलेला अर्थ आहे. मतदानाची मर्यादा कायद्याइतकीच ठेवा. तिच्याखालच्या व्यवहारांना कमिटीपुढे कोणता कागद लागेल, ते धोरणात लिहा. रोजच्या व्यवहारांना ऑम्निबस, म्हणजे एकगठ्ठा आगाऊ, मंजुरी आहेच. ती एका वर्षासाठी मिळते, तिचे निकष धोरणात यायला हवेत, आणि आधी अंदाज न आलेल्या व्यवहाराला दर वेळी एक कोटीपर्यंतची मुभा आहे. पोलाद आणि वीज तिथे जाऊ द्या, बाजारभावाशी तुलनेचे कोष्टक जोडून. जमीन, उपकंपनीचे शेअर, कर्ज, हमी आणि ब्रँड या पाच गोष्टींना मात्र ऑम्निबसमधून बाहेर काढा. त्यांच्यासाठी कमिटीने स्वतः निवडलेल्या मूल्यांककाचा अहवाल लागेल, व्यवस्थापनाने निवडलेल्या नाही, असे धोरणात म्हणा. भागधारकाच्या पैशाला धोका असतो तो या पाचांत. महिन्याच्या पोलादाच्या बिलात कोणी कंपनी बुडवत नाही.

‘आर्म्स लेंग्थ’, म्हणजे परक्याशी केला असता तसाच सौदा, हे शब्द तर प्रत्येक धोरणात दहा वेळा येतात. तो तसा आहे हे सिद्ध कसे करायचे हे क्वचितच येते. परक्या तीन पुरवठादारांचे भाव मागवायचे की करासाठी केलेला ट्रान्स्फर प्रायसिंगचा, म्हणजे गटांतर्गत सौद्यांच्या किमती तपासणारा, अहवालच पुढे करायचा? दुसरा मार्ग सोयीचा आहे, म्हणून तोच चालतो. पण तो अहवाल आयकर खात्यासाठी असतो. खात्याला चिंता असते नफा करपात्र हातातून निसटू नये याची. भागधारकाला चिंता असते नफा आपल्या कंपनीतून निसटू नये याची. दोघी भारतीय कंपन्या सारख्याच दराने कर भरत असतील तर खात्याला त्या सौद्याशी फारसे देणेघेणे नसते, भागधारकाचे मात्र सगळे देणेघेणे तिथेच असते. २०२५ पासून ऑडिट कमिटीपुढे किमान कोणती माहिती ठेवायची याचे उद्योगसंघटनांनी तयार केलेले मानक आले आहे, त्याने कागद वाढले. पुरावा कोणता मान्य, हे अजून कंपनीच्या धोरणालाच सांगावे लागेल.

आता सेबीने काय करावे? आणखी एक मर्यादा, आणखी एक परिपत्रक नको. एकच गोष्ट सक्तीची करावी: दर तीन वर्षांच्या आढाव्यानंतर मंडळाने एका पानात लिहावे की धोरणात कायद्याच्या पलीकडे काय आहे, आणि काही नसेल तर का नाही. ‘काही नाही’ हेही उत्तर चालेल. ते मंडळाच्या सहीने, वार्षिक अहवालात छापलेले असावे. व्यवहार एकत्र कसे मोजतो, काळ कोणता धरतो, मोठा बदल कशाला म्हणतो, पुस्तकाबाहेरची किंमत कुठे मोजतो, या चार प्रश्नांना चार परिच्छेद पुरेत.

तोवर भागधारकाला एक मार्ग मोकळा आहे. वार्षिक सभा आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन होते आणि प्रश्न आधी ईमेलने पाठवता येतो. लाभांश का कमी आणि भेटवस्तू का बंद केल्या हे विचारण्यात जाणारी मिनिटे यासाठी वापरता येतील: गटातल्या कोणत्या उपकंपनीच्या जमिनीचे वाजवी मूल्य तिच्या पुस्तकी नेटवर्थच्या पाचपटीहून जास्त आहे, आणि तिला आपले धोरण महत्त्वाची मानते का? अध्यक्षांनी ‘आम्ही सर्व नियमांचे पालन करतो’ असे उत्तर दिले तर पुढचा प्रश्न ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांना, नाव घेऊन विचारावा. नियमाप्रमाणे त्यांना वार्षिक सभेला हजर राहावे लागते ते भागधारकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठीच.